जर्मनचे रंग आणि वार: गट्ठ्याने पाठ करावेत की सुटे सुटे?

जर्मनच्या ए-वन या पहिल्या पातळीच्या पुस्तकांत रंग बहुधा एका ठिकाणी आणि वार दुसऱ्या ठिकाणी दिलेले असतात. घरी अभ्यास करताना तोच गट्ठा एकदम घोटायचा, की तो फोडून शब्द वेगवेगळ्या आठवड्यांत घ्यायचे? नवख्याला मी दुसरा पर्याय सुचवेन.

गट्ठा सोयीचा वाटतो, कारण यादी तयार असते आणि त्याच संध्याकाळी क्रमाने घडाघडा म्हणताही येते. पण ब्लाऊ, ग्राऊ, ब्राऊन, ग्र्यून हे निळा, राखाडी, तपकिरी आणि हिरवा एकदम घेऊन बघा. चारही नवे, अर्थ एकाच जातीचे आणि उच्चारही शेजारशेजारचे. 'रंग' आठवला की चारही पुढे सरसावतात आणि त्यातला नेमका कोणता, हे ठरत नाही. वारांत हीच गत डीन्सटाग (मंगळवार) आणि डॉनर्सटाग (गुरुवार) यांची होते. संशोधक टिंकम यांनी १९९३ मध्ये कृत्रिम शब्दांवर प्रयोग केले, तेव्हा एका जातीचे शब्द शिकायला जास्त फेऱ्या लागल्या. १९९७ मध्ये वॉरिंग यांना जपानी भाषकांतही तसंच आढळलं. अर्थात हे प्रयोगातले शब्द होते. वर्गात चित्र इतकं स्वच्छ दिसेलच असं नाही.

सुटं शिकायचं म्हणजे वाट्टेल तसं नव्हे. शब्द प्रसंगाला बांधायचा. पहिल्या आठवड्यात ब्लाऊ, तोही आकाशासोबत: 'देर हिमेल इस्ट ब्लाऊ'. सोबत सूर्य, ढग, उडणं असे शब्द चालतील, कारण त्यांची आपसात अदलाबदल होत नाही. हिरवा सॅलडच्या धड्यात येऊ दे. ग्राऊ मात्र ब्लाऊ न अडखळता येऊ लागल्यावरच, आणि तोही उंदरासोबत. वारांचंही तसंच: क्लास मंगळवारी असेल तर आधी 'आम डीन्सटाग' पक्कं होऊ दे, मग गुरुवार. या पद्धतीचा तोटा एवढाच की पुस्तकाचा क्रम मोडावा लागतो आणि शब्दांची कार्डं स्वतः लावावी लागतात.

गोंधळ झालाय हे चुकीवरून कळतं. मंगळवार विचारला आणि काहीच सुचलं नाही, तर ते साधं विसरणं, उजळणीने भागतं. पण ठामपणे 'डॉनर्सटाग' बाहेर पडलं, तर शब्द एकमेकांत अडकलेत. अशा वेळी दोन्ही कार्डं समोरासमोर ठेवून घोटू नका. एक कार्ड आठवडाभर बाजूला काढा, दुसरं वाक्यात वापरा, ते पक्कं झालं की पहिलं परत आणा.

गट्ठ्याला जागाच नाही असं नाही. बहुतेक शब्द ओळखीचे झाले की सगळे वार क्रमाने म्हणावेत. वेळापत्रक वाचायला क्रम लागतोच. वर्गात उद्याच रंगांची चाचणी असेल तर मात्र मुकाट यादी पाठ करा आणि चाचणीनंतर ग्राऊचं कार्ड बाजूला काढा.