जुगाराचं खातं कायमचं बंद केलं: काही महिन्यांनंतरचा अनुभव

ऑनलाइन बेटिंगचं खातं बंद करताना खरं तर तीन वेगळ्या गोष्टी करायच्या असतात: पैसे काढणं, खातं बंद करणं आणि माहिती पुसायला सांगणं. कंपनीत या तिन्हींकडे बघणारी माणसं वेगळी, नियम वेगळे, लागणारा वेळही वेगळा. एकाच मेलमध्ये तिन्ही मागण्या लिहिल्या तर बहुतेक वेळा फक्त खातं बंद होतं आणि पैसे आत अडकतात. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी पैसे, मग बंदी, शेवटी माहिती.

पैशांपासून सुरुवात करते. माझ्या खात्यावर शिल्लक दिसत होती १,२४०. प्रत्यक्षात त्यात ९०० रोख होते आणि ३४० बोनसचे. बोनसला अट होती की तो काढण्याआधी त्याच्या तीसपट रकमेचा खेळ झाला पाहिजे. ३४० गुणिले ३० म्हणजे १०,२०० चा खेळ. ज्या खेळात सरासरी शंभरातले ९६ परत येतात, त्यात १०,२०० फिरवले तर सरासरी ४०८ जातात. ३४० मिळवण्यासाठी ४०८ घालवायचे, तेही सोडायचं ठरवल्यानंतर पुन्हा तासन्‌तास खेळत बसून. ‘बोनस वाया जातोय’ हा विचार अगदी या टप्प्यावर माणसाला परत आत ओढतो, म्हणून हिशोब कागदावर मांडावा. मी बोनस सोडला. त्याआधी अटी वाचून खात्री केली की बोनस रद्द केल्यावर स्वतः भरलेली रक्कम जात नाही. काही ठिकाणी बोनसच्या पैशांवर जिंकलेली रक्कमही बोनसबरोबर जाते, तेवढं नीट बघा.

निकाल न लागलेली एखादी पैज असेल तर तिचं काय होणार, हेही लेखी विचारून घ्यावं. खातं बंद झाल्यावरही निकालानंतर पैसे देणार का, की आत्ताच पैज रद्द करून रक्कम परत करणार? उत्तर कुठलंही असो, ते चॅटवर नव्हे, मेलवर हवं. चॅटची खिडकी बंद झाली की पुरावा गेला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो ओळख पटवण्यात. पैसे भरताना फारसं काही न विचारणारी कंपनी पैसे काढताना ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि कार्डचा फोटो मागते. हे अडवणुकीसारखं वाटतं, पण मनी लाँडरिंगविरोधी नियमांमुळे ओळख पटवणं त्यांना भागच असतं. त्याच कारणाने पैसे शक्यतो ज्या मार्गाने भरले त्याच मार्गाने परत येतात. माझं जुनं कार्ड संपलेलं होतं, त्यामुळे बँक खात्याचं माझं नाव असलेलं स्टेटमेंट द्यावं लागलं. कार्डच्या फोटोत मी मधले आकडे आणि मागचा सीव्हीव्ही झाकला होता. तो फोटो चालला. सीव्हीव्ही कुणी मागितलाच तर देऊ नका.

विनंती मंजूर होईपर्यंत पैसे ‘प्रलंबित’ दिसतात आणि शेजारीच ‘विथड्रॉवल रद्द करा’ असं बटण असतं. या डावाचा मला मनापासून राग आहे. वाट बघण्याच्या काळात किती जण ते पैसे परत खेळात घालतात हे कंपन्यांना नक्कीच माहीत असतं. ब्रिटनमध्ये २०२१ पासून असं बटण देण्यावरच बंदी आहे. इतरत्र सपोर्टला सांगून विथड्रॉवल ‘लॉक’ करून मिळतं का ते विचारा. मला मिळालं, आणि पैसे येईपर्यंत मी लॉगिन केलंच नाही. फक्त त्याआधी सगळ्या व्यवहारांचा इतिहास उतरवून घेतला, कारण खातं बंद झाल्यावर तो दिसत नाही आणि कर किंवा तक्रार दोन्हींसाठी तोच लागतो.

पैसे बँकेत जमा झालेले बघितल्यावरच बंद करण्याचा मेल पाठवला. सेटिंगमध्ये तीन पर्याय होते: थोडी विश्रांती, खातं बंद करणं आणि सेल्फ-एक्स्क्लूजन. नुसतं बंद केलेलं खातं बऱ्याच ठिकाणी एका मेलवर पुन्हा सुरू होतं. सेल्फ-एक्स्क्लूजन म्हणजे आपणच कंपनीला सांगतो की मला आत घेऊ नका, आणि ठरलेली मुदत संपेपर्यंत ते उठवता येत नाही. कारण विचारतात तिथे ‘वेळ मिळत नाही’ असं लिहू नये. ‘खेळण्यावर ताबा राहत नाही, म्हणून कायमचं बंद करा’ असं स्पष्ट लिहिलं की त्या विनंतीकडे बघण्याची पद्धतच बदलते. त्याच मालकाच्या इतर साइटही बंदीत येतात का, हेही विचारा. काही देशांत एकाच नोंदणीने सगळ्या परवानाधारक कंपन्या बंद होतात: ब्रिटनमध्ये गॅमस्टॉप, स्वीडनमध्ये स्पेलपॉस, ऑस्ट्रेलियात बेटस्टॉप. अशी सोय उपलब्ध असेल तर एकेका कंपनीच्या मागे लागण्यापेक्षा ती आधी वापरावी.

आता माहितीचा भाग. इथे फार विचार न करता ‘माझं सगळं पुसून टाका’ असं लिहिलं जातं आणि त्यात मोठा धोका आहे. बंदीच्या यादीतलं आपलं नाव, जन्मतारीख आणि ईमेल पुसलं गेलं तर उद्या नवं खातं उघडताना कंपनी आपल्याला ओळखणार कशी? म्हणून मी असं लिहिलं:

“खातं बंद झालं आहे. सेल्फ-एक्स्क्लूजनसाठी आणि कायद्यासाठी लागणारी किमान माहिती ठेवा. बाकीची पुसा. मार्केटिंगसाठी माझी माहिती वापरायला माझी हरकत आहे. काय ठेवलं, कुठल्या कारणाने आणि कोणत्या तारखेपर्यंत, आणि माझी माहिती कोणाकोणाला दिली, हे कळवा.”

युरोपचा माहिती-संरक्षण कायदा, म्हणजे जीडीपीआर, लागू असेल तिथे माहिती पुसण्याचा हक्क कलम १७ मध्ये आणि मार्केटिंगला हरकत घेण्याचा कलम २१ मध्ये आहे. उत्तर साधारण एका महिन्यात द्यावं लागतं, गुंतागुंत असेल तर आणखी दोन महिने मिळतात. पण पुसण्याच्या हक्काला मर्यादा आहे. ओळखीची कागदपत्रं आणि व्यवहारांच्या नोंदी मनी लाँडरिंगविरोधी कायद्यांखाली ठेवाव्याच लागतात, युरोपात साधारणपणे संबंध संपल्यापासून पाच वर्षं. माझ्या उत्तरातही तेच कारण होतं आणि ते मला रास्त वाटलं. पसंतीचे खेळ, मोबाइलची ओळख, ऑफरसाठी बनवलेली प्रोफाइल यांना मात्र ते कारण लागू होत नाही. पहिल्या उत्तरात या गोष्टींचा उल्लेखच नव्हता. मी एकेकीचं नाव घेऊन पुन्हा विचारल्यावर त्या पुसल्याचं लेखी आलं.

काही महिन्यांनी दुसऱ्याच नावाने ‘मोफत पैज’ देणारा मेसेज आला. कंपनीने माहिती कोणाला दिली ती यादी उत्तरात होती आणि त्यात एका जाहिरात भागीदाराचं नाव होतं. त्याला तीच हरकत स्वतंत्रपणे पाठवली, मेसेज थांबले. यादी मागितली नसती तर कोणाला लिहायचं हेच कळलं नसतं.

कंपनीबद्दल माझं मत: पैसे पूर्ण मिळाले, पण ओळख पटवायला लावलेला वेळ जास्त होता. बंदी चोख पाळली. माहितीबद्दलचं उत्तर मुदतीत आलं, पण अर्धवट होतं. राहिलेल्या नोंदी कोणत्या तारखेला पुसणार ते त्यांनी लेखी दिलं आहे. ती तारीख आणि तो मेल व्यवहारांच्या इतिहासाबरोबर एकाच फोल्डरमध्ये ठेवले आहेत. तारीख उलटली की नोंदी पुसल्याचं लेखी मागणार आहे, बंदीची नोंद मात्र तशीच राहू द्या असं पुन्हा लिहून.