प्रोजेक्टरपर्यंत लांब एचडीएमआय: साधी, ॲक्टिव्ह की ऑप्टिकल केबल?

एचडीएमआयच्या नियमावलीत केबलची कमाल लांबी कुठेही दिलेली नाही. केबलमधून सिग्नल किती शाबूत बाहेर पडायला हवा, एवढंच तिथे ठरवलेलं आहे. म्हणून ‘एचडीएमआय किती मीटरपर्यंत चालते?’ या प्रश्नाचं एकच उत्तर देता येत नाही. त्यातून काय पाठवायचं आहे हे आधी सांगावं लागतं.

१०८०पी चित्र सेकंदाला ६० फ्रेमने पाठवलं तर केबलवरून सुमारे ४.५ गिगाबिट जातात. ४के चित्रपट २४ फ्रेमचा असेल, तर रंगांच्या सेटिंगनुसार ९ ते ११ गिगाबिट. ४के ६० फ्रेमने पूर्ण रंगात पाठवलं की आकडा १८ च्या घरात जातो, आणि एचडीएमआय २.१ ची कमाल मर्यादा ४८ आहे. तांब्याच्या तारेत वारंवारता वाढते तसा सिग्नल जास्त झिजतो. त्यामुळे जी केबल १०८०पी ला बिनतक्रार साथ देते, तीच ४के ६० ला मान टाकते. केबल बिघडलेली नसते, तिच्याकडून मागणी चौपट झालेली असते.

साधी केबल

साधी, म्हणजे पॅसिव्ह केबल. आत नुसतं तांबं, कुठलीही चिप नाही. चांगल्या केबलवर १०८०पी साधारण १० ते १५ मीटर जातं. ४के ६० साठी मी ५ मीटरपर्यंत निर्धास्त राहतो. जाड तारेची चांगली केबल ७ मीटरला चालतेही, पण मग ती इतकी कडक आणि जड होते की प्रोजेक्टरच्या पोर्टवर सतत ताण येतो. ४८ गिगाबिटसाठी मात्र ३ मीटरच्या आसपासच थांबावं. ५ मीटरची घ्यायची तर अल्ट्रा हाय स्पीडचं प्रमाणपत्र असलेलीच घ्या, वेष्टनावरचं लेबल स्कॅन करून ते पडताळता येतं.

साध्या केबलचा मोठा गुण म्हणजे तिला दिशा नसते, वीज लागत नाही आणि जळण्यासारखं आत काही नसतं. अंतर तिच्या आवाक्यात असेल तर दुसरं काही शोधू नका.

ॲक्टिव्ह तांब्याची केबल

हिच्या प्रोजेक्टरकडच्या प्लगमध्ये एक छोटी चिप असते. वाटेत झिजलेल्या सिग्नलमधल्या वरच्या वारंवारता ती पुन्हा उचलून देते. चिपला लागणारी वीज एचडीएमआयच्याच ५ व्होल्टच्या पिनेवरून येते, आणि इथेच घोळ होतो. नियमानुसार प्लेअरने त्या पिनेवर किमान ५५ मिलिअँपिअर द्यायला हवेत. काही लॅपटॉप आणि स्वस्त ॲडॉप्टर तेवढेही धड देत नाहीत. मग तीच केबल एका प्लेअरवर चालते आणि दुसऱ्यावर अधूनमधून चित्र घालवते. म्हणून यूएसबीने जादा वीज देण्याची सोय असलेली केबल मिळाली तर ती घ्यावी.

ही केबल एकाच दिशेने चालते. एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ किंवा ‘टीव्ही’ लिहिलेलं असतं. उलटी लावली तर चित्र अजिबात येत नाही.

४के ६० साठी हिचा खरा उपयोग ७ ते १२ मीटरच्या पट्ट्यात आहे. हा पट्टा अरुंद आहे. त्याच्या खाली साधी केबल भागवते आणि वर ऑप्टिकल जास्त भरवशाची ठरते.

ऑप्टिकल केबल

इथे चित्राचा डेटा काचेच्या चार बारीक तंतूंमधून जातो. प्लेअरकडच्या प्लगमध्ये लेझर, प्रोजेक्टरकडच्या प्लगमध्ये प्रकाश टिपणारे डायोड. काचेत या अंतरावर झीज जवळपास नसतेच, त्यामुळे १५ मीटर आणि ५० मीटर यांत चित्राच्या दृष्टीने फारसा फरक पडत नाही. बहुतेक केबलमध्ये सोबत तांब्याच्या बारीक ताराही असतात. प्रोजेक्टरची माहिती प्लेअरला कळवणं, कॉपी-संरक्षणाची देवाणघेवाण आणि ५ व्होल्ट हे त्यांच्यावरून जातं.

केबल बारीक आणि लवचिक असते, शेजारच्या विजेच्या तारांचा तिच्यातल्या चित्रावर परिणाम होत नाही. पण तीक्ष्ण कोनात दुमडली किंवा प्लगला धरून ओढली तर तंतू तुटतो, आणि तो जागेवर जोडता येत नाही. हिलाही दिशा असतेच. आणखी एक गोष्ट बघून घ्या. प्रोजेक्टरमधल्याच ॲपवर सिनेमा लावून आवाज पडद्याखालच्या साउंडबारला परत पाठवायचा असेल, तर केबलवर एआरसी किंवा ईएआरसी चालतं असं स्पष्ट लिहिलेलं हवं. सगळ्या ऑप्टिकल केबलना ते जमत नाही.

एक खोली मोजून बघू

प्लेअर पडद्याखालच्या कपाटात, प्रोजेक्टर पडद्यापासून ४ मीटरवर छताला. नजरेने अंतर साडेचार मीटर वाटतं आणि माणूस ५ मीटरची केबल घेऊन येतो. पण केबल हवेतून जात नाही. कपाटापासून खोलीच्या कोपऱ्यापर्यंत २ मीटर, भिंतीवरून वर अडीच, छताच्या कडेने ४, पुन्हा मध्यावर यायला २, खाली प्रोजेक्टरपर्यंत अर्धा, आणि दोन्ही टोकांना मिळून १ मीटर ढिलाई. झाले १२ मीटर.

आता प्रोजेक्टर १०८०पी चा असेल आणि पुढची काही वर्षं तोच राहणार असेल, तर जाड साधी केबलही चालेल. ४के असेल तर साधी बाद. ॲक्टिव्ह तांब्याची इथे अगदी काठावर येते. केबल भिंतीवर उघडी असेल, सहज बदलता येणार असेल, तर तो जुगार खेळायला हरकत नाही. प्लास्टर किंवा फॉल्स सिलिंगच्या आत जाणार असेल तर मी १५ मीटरची ऑप्टिकलच घेईन. जादा ३ मीटरने तिचं काही बिघडत नाही, फक्त उरलेल्या भागाचं वेटोळं मोठं ठेवायचं.

त्याहून महत्त्वाचा आहे पाइप. एचडीएमआयचा प्लग सुमारे २० मिलिमीटर रुंद असतो आणि २५ मिलिमीटरच्या पाइपात वळणावर हमखास अडकतो. मोठा पाइप घाला, काटकोनी वळणांऐवजी लांब वळणं द्या आणि आत एक दोरी सोडून ठेवा. पाइप आधीच बारीक असेल तर सुटं होणारं डोकं असलेली ऑप्टिकल केबल मिळते. तिचं टोक मायक्रो एचडीएमआयएवढं छोटं असतं.

भिंतीत घालण्याआधी

केबल जमिनीवर पसरून, खऱ्याच प्लेअरला आणि प्रोजेक्टरला जोडून तासभर चालवा. प्लेअर आपोआप निवडेल ते बघू नका. सेटिंगमध्ये जाऊन ४के, ६० फ्रेम आणि एचडीआर स्वतः लावा. केबल कमी पडत असेल तर गडद दृश्यात पांढरे ठिपके चमकतात, किंवा दोन-तीन सेकंद पडदा काळा होऊन चित्र परत येतं. मग तीच जोडणी ठेवून १०८०पी करा. ठिपके गेले तर दोष वेगाचा, म्हणजे बहुतेक केबलचाच. चित्र आलंच नाही तर आधी दिशा तपासा. ठिपके नाहीत पण प्लेअर ४के चा पर्यायच दाखवत नसेल, तर प्रोजेक्टरची माहिती त्याच्यापर्यंत पोचत नाहीये, किंवा प्रोजेक्टरचं तेवढं एक पोर्ट जुन्या वेगाचं आहे. दुसऱ्या पोर्टमध्ये लावून बघा.

दोन छोट्या केबल जोडून लांबी गाठायचा मोह टाळा. प्रत्येक सांध्यावर सिग्नल आणखी खराब होतो, आणि दोन ॲक्टिव्ह केबल एकामागे एक लावल्या तर एकाच प्लेअरच्या ५ व्होल्टवर दोघींना जगावं लागतं.