लांबलचक मेल थ्रेडचा पाच ओळींचा सारांश : सात महिने वापरल्यानंतरचा अनुभव

मॅडमकडे पाठवायचा थ्रेड आला की आधी मी वर "कृपया पाहावे" एवढं लिहून पुढे पाठवायचे. मॅडम दिवसभर मीटिंगमध्ये, मेल बघणार फोनवर, त्यामुळे संध्याकाळी हमखास फोन यायचा की नेमकं काय करायचंय मी? गेल्या सात महिन्यांपासून मात्र वर पाच ओळी लिहिल्याशिवाय थ्रेड पुढे जातच नाही माझ्याकडून. पहिल्या ओळीत त्यांनी काय ठरवायचं आणि कधीपर्यंत, मग आत्ताची स्थिती, मग कोण कशाला तयार आहे, कुठे अडलंय, आणि शेवटी माझं मत.

खरा वेळ लिहिण्यात जात नाही, वाचण्यात जातो. सगळ्यात नवा मेल वर असतो म्हणून आपण वरून वाचतो आणि तिथेच फसतो, मी आता सगळ्यात खालच्या मेलपासून वर येते आणि बाजूला कागदावर तारीख, नाव आणि त्या माणसाने नेमकं कशाला हो म्हटलं एवढंच लिहिते. हे "कशाला" लिहायची सवय मला एका मशीनच्या ऑर्डरने लावली.

२७ मेलचा थ्रेड होता. २ तारखेला सप्लायरचं कोटेशन आलं, ३०% ॲडव्हान्स आणि ६ आठवड्यांत डिलिव्हरी. ३ तारखेला अकाउंट्सने लिहिलं "आमची हरकत नाही". ६ तारखेला सप्लायरने सुधारित कोटेशन पाठवलं, ५०% ॲडव्हान्स आणि ९ आठवडे. ८ तारखेला प्रॉडक्शनने कळवलं की ९ आठवडे चालतील, आणि त्यानंतर परचेसने सगळं फॉरवर्ड करताना वर लिहिलं की सगळ्यांची संमती आहे, ऑर्डर द्यायची का. वरून वाचलं तर हे अगदी खरं वाटतं! पण अकाउंट्सची हरकत नव्हती ती ३०% ला, ५०% चा आकडा आला तीन दिवसांनी आणि त्यावर त्यांचं एक अक्षर नाही. मी पाठवलेला सारांश असा होता:

"निर्णय हवा : ५०% ॲडव्हान्स देऊन ऑर्डर द्यायची का? गुरुवार, ११ तारखेला दुपारपर्यंत. सप्लायरने ६ तारखेला अटी बदलल्या, ॲडव्हान्स ३० वरून ५०%, डिलिव्हरी ६ वरून ९ आठवडे. प्रॉडक्शनला ९ आठवडे चालतील (८ तारखेचा मेल). अकाउंट्सची ३ तारखेची संमती ३०% साठी होती, ५०% वर उत्तर नाही. माझं मत : आधी अकाउंट्सला विचारावं, मग ऑर्डर."

मॅडमचं उत्तर एका ओळीत आलं, अकाउंट्सला विचारा. विचारलं तर ते ४०% च्या वर जायला तयारच नव्हते.

अजून एक गोष्ट ठेचा खाऊनच कळली. फॉरवर्डमध्ये फक्त एक फांदी येते, कोणी मधल्याच जुन्या मेलला रिप्लाय केला असेल तर ती चर्चा या थ्रेडमध्ये दिसतच नाही. खूण सोपी आहे, कोणीतरी "काल कळवल्याप्रमाणे" म्हणतं आणि कालचा मेल खाली कुठेच नसतो. असं दिसलं की मी तो मेल मागवून घेते, नाहीच मिळाला तर सारांशात सरळ लिहिते की अमुक तारखेचा मेल माझ्याकडे नाही. अटॅचमेंटचंही तेच, साधा रिप्लाय केला की जुनी फाइल गळते, म्हणून मी ६ तारखेचं कोटेशन शोधून पुन्हा जोडलं होतं. आणि "उद्या", "या शुक्रवारी" हे शब्द सारांशात कधीच तसेच ठेवू नका, मूळ मेलची तारीख बघून खरी तारीख लिहा, कारण वाचणाऱ्याचा उद्या वेगळा असतो.

वेळेचं म्हणाल तर असल्या २५-३० मेलच्या थ्रेडला सुरुवातीला पाऊण तास लागायचा, आता वीस मिनिटं.

जिथे ही पद्धत मला पुरली नाही ते म्हणजे दोन विभागांचं भांडण. तिथे पाच ओळीत लिहायला गेलं की कोणाची तरी बाजू आपोआप घेतली जाते, माझ्याकडून एकदा तसं झालं आणि एका सहकाऱ्याला वाईट वाटलं, त्याचं वाटणं बरोबरच होतं. मी त्याच्या तीन मेलचं "विरोध आहे" केलं होतं, प्रत्यक्षात त्याची एक अट होती, ती मान्य झाली तर तो तयार होता. आता अशा वेळी मी दोघांचं मुख्य वाक्य जसंच्या तसं अवतरणात टाकते आणि पाठवण्याआधी दोघांनाही दाखवते, मग सारांश आठ-नऊ ओळींचा झाला तरी चालतो.