सोकोबान, काही महिने खेळून झाल्यावर: रंग दाखवतो तेवढेच चौकोन मेलेले नसतात

१९८२ साली जपानमध्ये आलेला हा गोदामाचा खेळ मी गेले काही महिने मोबाइलवर खेळतोय. नियम दोनच: खोका ढकलता येतो, ओढता येत नाही आणि एका वेळी एकच ढकलता येतो. माझ्या अ‍ॅपमध्ये मृत चौकोन, म्हणजे जिथे गेलेला खोका पुन्हा कधीच जागेवर पोहोचत नाही ते, लाल करून दाखवायची सोय आहे. ती कामाची आहे, पण अर्धवट. खालची छोटी लेव्हल पाहा. `#` भिंत, `$` खोका, `.` खोका ठेवायची जागा, `@` आपण.

```
#######
#     #
# $$  #
#  @  #
#.   .#
#######
```

मृत चौकोन शोधायचे तर उलटा विचार करा. खोका जागेवरच आहे असं धरून तो मनातल्या मनात ओढत मागे न्या. जिथे ओढून नेता येत नाही, तो चौकोन मेला. इथे सगळ्यात वरची ओळ पूर्ण मेलेली निघते, कारण तिथे खोका ओढून न्यायचा तर आपल्याला भिंतीत उभं राहावं लागेल. सुरुवातीलाच वर पाऊल टाकलंत तर उजवा खोका त्याच ओळीत जातो आणि डाव संपतो. अ‍ॅप इतकं बरोबर सांगतं.

खरी गंमत तळाच्या ओळीत आहे. तिथला एकही चौकोन लाल नाही, म्हणून दोन्ही खोकी आधी खाली आणावीत आणि मग एकेक कोपऱ्यात सरकवावं असं वाटतं. तसं केलंत की दोन्ही भिंतीला चिकटून शेजारी शेजारी बसतात. डावा डावीकडे ढकलायला जिथे उभं राहायचं तिथेच उजवा बसलाय, आणि उजव्याचंही तसंच. आता ती दोन्ही हलणार नाहीत.

उपाय क्रमात आहे. वरच्या ओळीतून वळसा घालून डाव्या खोक्याच्या डोक्यावर या, तो दोनदा खाली ढकला, मग उजवीकडून एकदा डावीकडे. तो कोपऱ्यात बसल्यावरच दुसरा दोनदा खाली आणि दोनदा उजवीकडे. सात ढकलण्यांत लेव्हल सुटते.

पहिला खोका बसताच नकाशाही बदलतो, हे अ‍ॅप दाखवत नाही. त्या खोक्याच्या उजवीकडचा चौकोन आणि डाव्या भिंतीलगतचे त्याच्या वरचे दोन चौकोन आतापर्यंत जिवंत होते, ते दुसऱ्या खोक्यासाठी आता मेले. म्हणून एखादी जागा भरली की मी थांबतो आणि उरलेल्या जागांवरून पुन्हा ओढून पाहतो. मोठ्या लेव्हलमध्ये हे कंटाळवाणं होतं खरं, पण पन्नास चाली अनडू करत बसण्यापेक्षा बरं.

अनडू कितीही मागे जातो, हे छान. अडकलात तर शेवटची चाल नाही, तर खोकी एकमेकांना चिकटली ती ढकलणी शोधून तिथवर मागे जा. पाचपैकी चार तारे. लाल रंग खेळासोबत बदलत नाही, म्हणून एक कापला.