सहा गाड्यांची फ्लीट पॉलिसी: वर्षभर एकही क्लेम नाही, तरी ४० टक्के लोडिंग

नूतनीकरणाचा कागद आला तेव्हा आधी डोकंच फिरलं. माझ्या सहा दहा-चाकी गाड्या. वर्षभरात एक बंपरही क्लेमला लावला नाही, दोन किरकोळ घासाघाशी खिशातून भरल्या. तरी ओडीवर, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर, गेल्या वर्षीचंच ४० टक्के लोडिंग, म्हणजे हप्त्यावर जादा आकारणी.

थर्ड पार्टीबद्दल तक्रार नाही. तो दर सरकार ठरवतं, एका गाडीचे ४३,९५० रुपये सगळीकडे सारखेच. घासाघीस होते ती ओडीत. एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याची सवलत, वजा जाता सहा गाड्यांचा ओडी हप्ता साधारण दीड लाख. त्यावर ४० टक्के म्हणजे ६० हजार.

एजंट म्हणाला, "साहेब, दुसरीकडे जाऊ." मी जवळजवळ गेलोच होतो. पण नवी कंपनीही जुने क्लेम विचारणारच, म्हणून आधी याच कंपनीकडून तीन वर्षांचा क्लेमचा तपशील लेखी मागवला. आठ दिवस तगादा लावल्यावर आला, आणि सगळं कोडं त्याच एका कागदात सापडलं.

दोन वर्षांपूर्वी खंबाटकी घाटात एक गाडी उलटली होती. सर्व्हेअरचा सुरुवातीचा अंदाज ४ लाख ८० हजारांचा. घसारा आणि भंगार वजा होऊन मला मिळाले २ लाख ९० हजार. फाइल बंद झाली असं मी समजत होतो. पण तपशिलात उरलेले १ लाख ९० हजार अजून 'आउटस्टँडिंग', म्हणजे देणं बाकी, म्हणून उभे! तीन वर्षांचा ओडी हप्ता ५ लाख १० हजार. त्याच्याशी ४ लाख ८० हजार ताडले की क्लेमचं प्रमाण ९४ टक्के. खरा आकडा धरला तर ५७.

मग पत्र लिहिलं, फक्त एका पानाचं. मुख्य भाग असा:

"सदर क्लेमची रक्कम पूर्ण व अंतिम म्हणून स्वीकारल्याचे डिस्चार्ज व्हाउचर सोबत जोडले आहे. शिल्लक तरतूद रद्द करून क्लेमचे प्रमाण नव्याने काढावे. मागील वर्षी एकही क्लेम नाही, हे विचारात घेऊन लोडिंगचा फेरविचार करावा व निर्णय पॉलिसी संपण्याच्या १५ दिवस आधी लेखी कळवावा."

तारीख मुद्दाम घातली, कारण पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर एनसीबीही हातची जाते.

लोडिंग १५ टक्क्यांवर आलं. ६० हजारांचे साडेबावीस हजार झाले. आता कंपनीवरचा माझा राग निम्मा उतरलाय. हप्ता ठरवणाऱ्या अंडररायटरने आकडे पाहून नीट निर्णय दिला, चूक क्लेम विभागात फाइल बंद न करणाऱ्याची होती. शून्य मात्र केलं नाही. तो अपघात तीन वर्षांच्या हिशेबात अजून एक नूतनीकरण राहणार, हे मलाही मान्य आहे. पण गेल्या वर्षी याच चुकीपायी जास्तीचे भरले, ते परत मिळालेले नाहीत. त्यासाठी दुसरं पत्र कालच दिलंय, पोच घेऊन.