फिश ऑइल कॅप्सूल: बाटलीच्या मागची बाजू वाचून घेतलेला अनुभव

अण्णांसाठी गेले काही महिने आम्ही फिश ऑइल घेतोय. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ब्रँड लिहिला नव्हता. ईपीए आणि डीएचए, म्हणजे माशाच्या तेलातली कामाची दोन ओमेगा-३ स्निग्धाम्लं, मिळून रोज साधारण एक ग्रॅम, एवढंच लिहिलं होतं. म्हणून गंगापूर रोडच्या मेडिकलमध्ये मी दोन बाटल्या काउंटरवर शेजारी शेजारी ठेवून उलट्या फिरवल्या.

दोन्हींवर समोर मोठ्या अक्षरात १००० मिलीग्राम. हे वजन तेलाचं असतं. पहिल्या बाटलीच्या मागे एका कॅप्सूलला ईपीए १८०, डीएचए १२०, म्हणजे कामाचं ३०० मिलीग्राम. उरलेलं ७०० म्हणजे माशाच्या तेलातले इतर स्निग्ध पदार्थ. साध्या, घट्ट न केलेल्या म्हणजे ईपीए-डीएचएचं प्रमाण न वाढवलेल्या तेलात हेच प्रमाण नेहमी दिसतं. यातून एक ग्रॅम गाठायचा तर रोज तीन-चार कॅप्सूल लागणार.

दुसरीवर ईपीए ७२०, डीएचए ४८०. बेरीज १२००. पण एक कॅप्सूलच १००० मिलीग्रामची, मग तिच्यात १२०० मावणार कसं? वर बारीक अक्षरात सर्व्हिंग 'दोन कॅप्सूल' असं छापलेलं होतं. म्हणजे एकीत ६००. इथे घाई करू नका, हा आकडा सर्व्हिंगने भागल्याशिवाय तुलना करायचीच नाही. 'एकूण ओमेगा-३' ही ओळही वेगळी असते. तिच्यात इतर ओमेगा-३ धरलेले असतात, म्हणून ती ईपीए-डीएचएच्या बेरजेपेक्षा थोडी जास्त येते.

आता पैशाचं. दोन्हींत ६० कॅप्सूल. पहिली ४५० रुपयांना, आत एकूण १८ ग्रॅम ईपीए-डीएचए, म्हणजे ग्रॅमला २५ रुपये. दुसरी ७२० ला, आत ३६ ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला २० रुपये. महाग दिसणारी बाटलीच स्वस्त निघाली, शिवाय अण्णांना दोनच गिळाव्या लागतात. ते गोळ्यांना कंटाळलेत, त्यामुळे माझ्या लेखी हे पैशांहून मोठं.

वापराचं म्हणाल तर सकाळी रिकाम्या पोटी घेतल्यावर त्यांना माशाचे ढेकर यायचे. आता दुपारच्या जेवणात, वरण-भातावर तूप असतं तेव्हा देतो. ढेकर जवळजवळ थांबले. घट्ट केलेलं तेल बऱ्याचदा एथिल एस्टर स्वरूपात असतं आणि ते स्निग्ध जेवणासोबतच नीट शोषलं जातं, म्हणून वेळ पाळणं गरजेचं आहे. मे महिन्यात बाटली गॅसजवळच्या फडताळातून काढून थंड जागी ठेवली. मधूनमधून एक कॅप्सूल सुरीने कापून वास घेते: हलका मासळीचा वास चालतो, जुन्या रंगासारखा उग्र आला तर तेल खवट झालंय.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा हृदयाचे ठोके अनियमित असतील तर मात्रा डॉक्टरांनाच ठरवू द्या. जास्त मात्रेत अनियमित ठोक्यांचा धोका वाढलेला दिसला आहे.