डीएससी कॅलिब्रेशन: एकट्या इंडियमवर भागेल की जोडीला टिन हवं?

डीएससी म्हणजे नमुना तापवताना त्यात किती उष्णता जाते ते मोजणारं यंत्र. त्याच्या तापमानाच्या आणि एन्थॅल्पीच्या कॅलिब्रेशनसाठी शुद्ध धातू वितळवून बघायचा, यावर कुणाचा वाद नाही. प्रश्न एवढाच असतो की फक्त इंडियम वापरून थांबायचं, की टिनचाही एक बिंदू घ्यायचा. माझं मत आधीच सांगतो. तुमचे नमुने साधारण १०० ते २०० अंश सेल्सियसमध्ये वितळत असतील, तर इंडियम पुरतं. त्याबाहेर काम असेल तर टिनचा कंटाळा करू नये.

इंडियम १५६.६ अंशांना वितळतं आणि ग्रॅममागे सुमारे २८.६ ज्यूल उष्णता घेतं. टिन वितळतं २३१.९ अंशांना, त्याची एन्थॅल्पी ग्रॅममागे सुमारे ६०.४ ज्यूल. इंडियमची सोय अशी की ते ॲल्युमिनियमच्या पॅनला सहसा त्रास देत नाही, म्हणून फार तापवलं नाही तर तेच पॅन बऱ्याच वेळा वापरता येतं. टिन तसं नाही. पॅनवरचा ऑक्साइडचा थर शाबूत असेपर्यंत ठीक, पण तो फाटला की ॲल्युमिनियम टिनमध्ये विरघळू लागतं आणि वितळणबिंदू खाली सरकतो. लगेच दुसऱ्यांदा तापवल्यावर ऑनसेट, म्हणजे वितळणं सुरू होतं ते तापमान, पहिल्यापेक्षा अंश-दोन अंशांनी खाली आला, तर हेच घडलंय असं समजावं आणि नवीन पॅन, नवीन टिन घ्यावं.

आता एक उदाहरण. समजा, मिनिटाला १० अंश या वेगाने यंत्राने इंडियमचा ऑनसेट १५७.३ आणि टिनचा २३२.९ दाखवला. इंडियमला चूक ०.७ अंश, टिनला १.० अंश. एकट्या इंडियमवर कॅलिब्रेशन केलं, तर सगळीकडे ०.७ वजा होणार. दोन बिंदूंनी दुरुस्ती सरळ रेषेत बदलते:

| यंत्राने दाखवलेलं तापमान | फक्त इंडियम | इंडियम आणि टिन |
|---|---|---|
| ६० | ०.७ | ०.३ |
| १५७ | ०.७ | ०.७ |
| २५० | ०.७ | १.१ |

म्हणजे २५० अंशांच्या आसपास वितळणाऱ्या पीईटीला फरक पडतो ०.४ अंशाचा. ताज्या आणि पुन्हा वापरलेल्या मालाची एकमेकांशी तुलना करायची असेल, तर दोघांनाही तीच चूक लागते, त्यामुळे तो फरक चालून जातो. आकडा दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्याशी ताडायचा असेल, तर नाही. आणि ६० अंशांची ओळ दोन बिंदूंच्या बाहेरची आहे, तिथली सरळ रेषा अंदाजच. तिथे खरोखर काम असेल, तर त्या भागात वितळणारा वेगळा मानक पदार्थ लागतो.

दोन्ही पर्यायांत वाचायचा तो ऑनसेट, शिखर नव्हे. शिखराची जागा नमुन्याच्या वजनावर आणि तापवण्याच्या वेगावर खूप हलते. ऑनसेटही वेगाने सरकतो, पण कमी. म्हणून मिनिटाला १० अंशांवर कॅलिब्रेशन करून २० अंशांवर नमुने चालवणं टाळावं. गॅस आणि पॅनही तेच ठेवावेत. नायट्रोजनऐवजी हेलियम आणला की उष्णतेचं वहन बदलतं आणि जुनं कॅलिब्रेशन बाद होतं.

पहिलं वितळणं मी हिशोबात धरत नाही. तुकडा पॅनच्या तळाला नीट चिकटलेला नसतो, त्यामुळे वक्राचा चढ वाकडातिकडा येतो. एकदा वितळून पसरला की पुढच्या वेळी चढ सरळ येतो. चढ तरीही वाकडाच राहिला, तर पॅनचा तळ सपाट आहे का, सेन्सर स्वच्छ आहे का, ते बघावं.

एन्थॅल्पीत मात्र खरा शत्रू तापमान नसून तराजू असतो. ५ मिलिग्रॅम इंडियम ०.१ मिलिग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या तराजूवर तोललं, तर वजनातच २ टक्क्यांची शंका येते आणि ती जशीच्या तशी कॅलिब्रेशन स्थिरांकात उतरते. ०.०१ मिलिग्रॅमवर ती ०.२ टक्के राहते. तराजू कच्चा असेल, तर दुसऱ्या धातूवर वेळ घालवण्याआधी तोच सुधारावा.

वरच्या उदाहरणात इंडियमच्या शिखराचं क्षेत्रफळ ग्रॅममागे २७.९ ज्यूल आलं, तर स्थिरांक २८.६ भागिले २७.९, म्हणजे १.०२५. टिनचं क्षेत्रफळ ५८.२ आलं, तर या स्थिरांकाने ते ५९.७ होतं, ६०.४ पेक्षा सव्वा टक्क्याने कमी. म्हणूनच एन्थॅल्पीसाठी टिन मी कॅलिब्रेशनला नव्हे, पडताळणीला वापरतो. दोन टक्क्यांच्या आत उत्तर जुळलं की इंडियमचाच स्थिरांक पुढे चालवतो. याहून जास्त फरक पडला आणि वजनात चूक नसेल, तर स्थिरांक तापमानाबरोबर बदलतोय हे धरून टिनचाही बिंदू सॉफ्टवेअरला द्यावा लागतो.

थंड करतानाच्या वक्रावर यातलं काहीच लावू नका. टिन गोठायला कित्येक अंश खाली जाईपर्यंत थांबतं, आणि किती थांबेल ते दर वेळी वेगळं.